बनवलेलं आणि बनावट

विज्ञानावरचा वाद हल्ली एका ठरलेल्या जागी येऊन अडतो. एक जण म्हणतो, "शास्त्रज्ञांचं यावर एकमत आहे." दुसरा उसळतो, "एकमत म्हणजे काय, मतदान? आधी पैसा कोण देतं, निबंध कोण छापतं ते बघा." मग पहिल्याचा आवाज चढतो, "तथ्य ते तथ्य. त्यात माणसांचा काय संबंध?" इथून पुढे कोणीच कोणाचं ऐकत नाही. गंमत अशी की एकमेकांवर तुटून पडलेल्या या दोघांचं एका गोष्टीवर पूर्ण एकमत असतं. तथ्यावर माणसाच्या हाताचे ठसे सापडले तर ते तथ्य बाटलं, असं दोघंही मानतात. फरक इतकाच की एकाला ठसे दिसत नाहीत आणि दुसऱ्याला ठशांखेरीज काही दिसत नाही.

माझं म्हणणं असं की ही समजूतच चुकीची आहे. वैज्ञानिक तथ्यं प्रयोगशाळांत आणि संस्थांत माणसं घडवतात. त्यात भांडणं असतात, पत असते, पैसा असतो, कोणावर विश्वास ठेवायचा याचे अंदाज असतात. आणि एखाद्या तथ्यावर विसंबावं की नाही, हे ते घडवण्याचं काम कसं झालं त्यावर ठरतं. 'तथ्य' हा शब्द 'तथा'वरून आला, म्हणजे 'जसं आहे तसं'. त्यामुळे ते कोणी घडवतं हे ऐकायलाच विचित्र वाटतं. त्यात आपल्याकडे 'बनवणं' या क्रियापदाचे दोन अर्थ. खुर्चीही बनवतात आणि माणसालाही बनवतात. विज्ञानाच्या समाजशास्त्राबद्दलचा निम्मा गोंधळ या दोन अर्थांची गल्लत केल्यामुळे होतो.

शाळेतल्या प्रयोगशाळेपासून सुरुवात करतो, कारण हा पेच मला पहिल्यांदा तिथं भेटला, फक्त तेव्हा कळला नाही. लंबकाच्या झोक्यांवरून गुरुत्वीय त्वरण काढायचं होतं. एक मीटर दोरा, त्याला धातूचा गोळा, वीस झोक्यांना लागणारा वेळ घड्याळावर मोजायचा. माझं उत्तर आलं १०.८६. पुस्तकात ९.८. सरांनी वहीकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, "चुकलंय, परत कर." पृथ्वीचं गुरुत्व त्या दुपारी वाढलं असेल अशी शंका त्यांना आली नाही, मलाही आली नाही. दुसऱ्यांदा करताना चूक सापडली. गोळा सोडतानाच मी "एक" म्हणत होतो, म्हणजे वीस मोजले तरी झोके एकोणीसच होत होते. अडतीस सेकंदांहून किंचित जास्त वेळाला एकोणीसऐवजी वीसनं भागलं की उत्तर बरोबर तेवढंच फुगतं. "शून्य" म्हणून सोडायला लागल्यावर ते जागेवर आलं.

आता यात बारकाईनं पाहण्यासारखं काय आहे? प्रयोग नीट झाला की नाही हे मला उत्तरावरून कळलं. ९.८ आलं तर प्रयोग बरोबर, नाही आलं तर चूक शोधा. शाळेत हे चालतं, कारण उत्तर आधीपासून माहीत असतं. पण ज्याचं उत्तर पृथ्वीवर कोणालाच माहीत नाही असा प्रयोग असेल तर? तिथं "परत कर" कोणी म्हणायचं, आणि कशाच्या जोरावर?

ही गोष्ट काल्पनिक नाही. १९६९ साली अमेरिकेतल्या मेरिलँड विद्यापीठाचे जोसेफ वेबर यांनी जाहीर केलं की गुरुत्वीय लहरी आपल्याला सापडल्या. आइन्स्टाइनच्या सिद्धांतानुसार प्रचंड वस्तुमानं वेगानं हलली की अवकाशाच्या मापातच बारीक तरंग उठतात. पृथ्वीपर्यंत येईतो ते इतके क्षीण होतात की ते कधी मोजता येतील असं तेव्हा जवळजवळ कोणालाच वाटत नव्हतं. वेबर यांचं यंत्र दिसायला साधं होतं. ॲल्युमिनियमची सुमारे दीड मीटर लांब, टनाहून जास्त वजनाची भरीव कांब, निर्वात टाकीत तारेनं टांगलेली, आणि तिच्या कमरेभोवती चिकटवलेले स्फटिक. कांब ताणली-आकसली की हे स्फटिक वीज निर्माण करतात. लहर आली तर कांब घंटेसारखी सेकंदाला साधारण १६६० वेळा कंप पावेल, अशी कल्पना. कंप केवढा, तर प्रोटॉनच्या व्यासाहूनही लहान.

अडचण उघड होती. कांबेतले अणू उष्णतेमुळे सतत थरथरत असतात, बाहेर गाड्या जातात, जमीन हलते. सुईची उडी लहरीची की अशा गोंगाटाची? यावर वेबर यांनी काढलेली युक्ती पुढे त्यांच्या निष्कर्षांपेक्षा जास्त टिकली. त्यांनी दुसरी कांब शिकागोजवळच्या अरगॉन प्रयोगशाळेत, सुमारे हजार किलोमीटरवर ठेवली. दोन्हीकडे एकाच क्षणी उडी दिसली तरच ती मोजायची. तरी निव्वळ योगायोगानं काही उड्या जुळणारच. त्या किती, हे काढायला एका यंत्राची नोंद दुसऱ्याच्या तुलनेत मुद्दाम काही सेकंद सरकवायची आणि जुळण्या परत मोजायच्या. वेळ सरकवल्यावर सापडतात त्या जुळण्या योगायोगाच्याच, कारण खरी लहर दोन्हीकडे जवळजवळ एकदमच पोचायला हवी. न सरकवता जुळण्या जास्त आल्या तर तो जादा भाग लहरींचा. वेबर यांना असा जादा भाग दिसत होता.

काही वर्षांत मॉस्को, ग्लासगो, म्युनिक, बेल लॅब्ज, आयबीएम, रोचेस्टर अशा ठिकाणी लोकांनी आपापल्या कांबा टांगल्या. त्यांना काही दिसलं नाही. झालं, वाद संपला? नाही, तो इथं सुरू झाला. वेबर म्हणाले, तुमची यंत्रं माझ्यासारखी नाहीत. कोणाची कांब लहान, कोणाचे स्फटिक वेगळे, कोणाचं विश्लेषण वेगळं. ज्यांना काही दिसलं नव्हतं तेही आपसांत दुसऱ्याच्या यंत्रातल्या खोडी काढत होते. चांगलं यंत्र कोणतं? जे लहरी पकडतं ते. पण पकडण्यासारख्या लहरी येतात का? ते चांगलं यंत्र बांधल्याशिवाय कळणार नाही. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ हॅरी कॉलिन्स यांनी या लोकांच्या १९७२ आणि १९७५ साली मुलाखती घेतल्या आणि या चक्राला एक नाव दिलं. मराठीत मी त्याला प्रयोगकर्त्याचा चकवा म्हणेन. रानात चकवा लागलेला माणूस कितीही चालला तरी त्याच झाडापाशी येतो, तसं इथं कुठूनही निघालं तरी फिरून त्याच प्रश्नापाशी यायला होतं.

मग लोक बाहेर कसे पडले? कॉलिन्स यांनी विचारलं की तुम्ही कोणाचा निकाल मानता आणि का. उत्तरांत यंत्राचे तांत्रिक गुणदोष होतेच, पण त्यासोबत बाकीचं बरंच आलं. तो माणूस हाताचा पक्का आहे का, प्रामाणिक आहे का, कुठल्या विद्यापीठाचा, त्याचं विद्यापीठ केवढं, तो उद्योगातला की अध्यापनातला, निकाल मांडायची त्याची ढब कशी, इतकंच काय, तो कुठल्या देशाचा. ही यादी वाचून पहिल्या पक्षाचा माणूस अस्वस्थ होतो आणि दुसऱ्या पक्षाचा टाळ्या वाजवतो. मला दोघांच्याही घाईचं नवल वाटतं. तुमच्यासमोर सहा यंत्रं आहेत, सहा निकाल आहेत आणि यंत्र तपासायचं यंत्र उपलब्ध नाही. अशा वेळी बांधणारा कसा आहे हे न पाहता तुम्ही दुसरं काय पाहणार होता?

हा चकवा विसाव्या शतकातला नव्हे. १६६० च्या दशकात रॉबर्ट बॉइल यांचा हवापंप नवा होता तेव्हा हेच घडलं. पाण्यानं भरलेली नळी पंपाच्या काचपात्रात उलटी उभी करून हवा काढून घेतली की नळीतलं पाणी खाली येई, कारण त्याला वर ढकलणारी हवा उरत नसे. नेदरलंड्समध्ये क्रिस्टिआन हायगेन्स यांनी आपला पंप बांधला, पाण्यात विरघळलेली हवा आधी काढून टाकली, आणि त्यांच्या पंपात पाणी खाली यायलाच तयार होईना. बॉइल यांना वाटलं, हायगेन्स यांचा पंप गळत असणार. हायगेन्स म्हणत, उलट माझा पंप इतका चांगला आहे म्हणूनच हे दिसतंय. पंप चांगला की गळका, हे ज्या पाण्याबद्दल वाद होता त्या पाण्यावरूनच ठरवायची वेळ आली. हायगेन्स १६६३ साली लंडनला आले, तिथल्या पंपावर स्वतः उभे राहिले, आणि पाणी तिथंही नळीत टांगून राहिलेलं दिसलं, तेव्हा कुठे ती गोष्ट मान्य झाली. माणूस आणि त्याचं कसब समुद्र ओलांडून गेलं, मग तथ्य गेलं. नुसत्या पत्रानं ते गेलं नव्हतं.

आता विरुद्ध बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा घेतो, कारण तो टाळून पुढे जाण्यात अर्थ नाही. तत्त्वज्ञ ॲलन फ्रँकलिन यांच्यासारखे टीकाकार म्हणतात, वेबर हरले ते पत किंवा ढब यामुळे नव्हे, ते चुकले होते म्हणून. पुराव्याकडे पाहिलं तर हे म्हणणं पोकळ नाही. वेबर म्हणतात तितक्या जोरदार लहरी खरोखर येत असतील तर आपली आकाशगंगा दरवर्षी शेकडो सूर्यांएवढं वस्तुमान उधळते आहे असा हिशोब निघत होता. तसं असतं तर ती कधीच विझून गेली असती. दुसरं, त्यांच्या संगणक प्रोग्रॅममध्ये एक चूक सापडली, जिच्यामुळे काही खोट्या जुळण्या तयार होत होत्या. आणि तिसरी गोष्ट तर कादंबरीत घातली तर कोणी विश्वास ठेवणार नाही. रोचेस्टरच्या डेव्हिड डग्लस यांच्या कांबेची नोंद वेबर यांनी स्वतःच्या नोंदीशी ताडून पाहिली आणि जुळण्यांचा जादा भाग सापडल्याचं सांगितलं. नंतर लक्षात आलं की एका नोंदीवरची वेळ ग्रिनिचची होती आणि दुसरीवरची अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची, उन्हाळ्यातली. म्हणजे वेबर यांनी 'एकाच क्षणी' म्हणून जुळवलेल्या उड्यांमध्ये प्रत्यक्षात चार तासांचं अंतर होतं. त्यांच्याच युक्तीच्या भाषेत सांगायचं तर नोंद चार तास सरकली होती, आणि सरकलेल्या नोंदीत योगायोगाखेरीज काहीही सापडता कामा नये. तरी जादा भाग सापडला होता. म्हणजे गोंगाटातून जुळण्या उगवण्याची सोय विश्लेषणातच कुठेतरी होती. उडी कितीपासून उडी मानायची ही मर्यादा निकाल पाहता पाहता ठरवली की असं होऊ शकतं, आणि टीकाकारांचा संशय तिकडेच होता.

हे सगळं मी मान्य करतो. चार तासांची चूक ही चूकच आहे, तिच्यात समाजशास्त्र शोधायला जाऊ नये. पण ती चूक कशी सापडली हे विचारा. एका प्रयोगशाळेनं आपली नोंद दुसरीच्या हाती दिली होती. डग्लस यांना आपल्या नोंदीतून निघालेल्या दाव्यावर विश्वास नव्हता आणि तो तपासण्याइतकी चिकाटी होती. आयबीएमच्या रिचर्ड गार्विन यांनी १९७४ साली केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स इथल्या परिषदेत भर सभेत हे सारं वेबर यांच्यासमोर मांडलं. शोधनिबंध छापून गप्प बसलं तर हा विषय नुसता रेंगाळत राहील, असं गार्विन यांना वाटत होतं आणि म्हणून त्यांनी जाणूनबुजून कठोर पवित्रा घेतला. निसर्ग स्वतः उठून बोलला नाही. त्याच्या वतीनं कोणाला तरी उठून, चिडून, नोंदी उघड्या करून बोलावं लागलं. फ्रँकलिन यांच्या म्हणण्याप्रमाणे पुराव्यानं वाद मिटला, आणि कॉलिन्स यांच्या म्हणण्याप्रमाणे तो माणसांनी मिटवला. मला ही दोन वाक्यं एकमेकांविरुद्ध वाटतच नाहीत. पुरावा पुढे आणायला, हाताळायला आणि पुरेसा मानायला माणसं लागतात.

कॅलिब्रेशनचा, म्हणजे माहीत असलेल्या मापानं यंत्र पारखण्याचा, मुद्दा इथं सर्वांत बोलका आहे. टीकाकार म्हणाले, ठीक आहे, लहर कोणी पाहिलेली नाही, पण आपण कांबेला विजेचा छोटासा ठोका देऊ. केवढा दिला ते आपल्याला माहीत असेल, मग कोणाचं विश्लेषण तो चांगला पकडतं ते पाहू. पाहिलं, तर वेबर यांची पद्धत मागे पडली आणि इतरांची कितीतरी सरस ठरली. वेबर यांचं उत्तर होतं की खऱ्या लहरीचा आकार विजेच्या ठोक्यासारखा असेलच असं नाही, माझी पद्धत त्या वेगळ्या आकाराला साजेशी आहे. तर्कानं हे खोडून काढता येत नाही. पण एकदा विजेच्या ठोक्याची कसोटी त्यांनी मान्य केल्यावर पळवाटा आपोआप कमी झाल्या. शाळेतल्या ९.८ ची जागा त्या ठोक्यानं घेतली. ती जागा त्याला द्यायची, हे सर्वांनी मिळून ठरवलं होतं. १९७५ पर्यंत वेबर जवळजवळ एकटे पडले.

आता दुसऱ्या पक्षाचा माणूस म्हणेल, बघा, शेवटी बहुमतानं एकाला गप्प केलं. आणि कोणी सांगावं, वेबरच बरोबर असतील? हा प्रश्न रास्त आहे. एकट्या पडलेल्या माणसाचं बरोबर असल्याची उदाहरणं इतिहासात आहेत. पण "माणसांनी ठरवलं" यातून "काहीही ठरवता आलं असतं" हे कसं निघतं? माणसं ठरवत होती ती एका हट्टी गोष्टीशी झुंजत. टांगलेल्या कांबांनी कोणाची पत पाहून कंप पावायचं नाकारलं होतं. आयबीएमच्या कांबेचं वजन वेबर यांच्या कांबेच्या दशांशाहून कमी होतं, पण गार्विन यांना काही दिसावं असं वाटत असतं तरी तिच्यातून ते निघालं नसतं, निदान चार तासांसारखी चूक केल्याशिवाय तरी. बनवण्याचा आणि बनवाबनवीचा फरक इथं आहे. सुतारालाही लाकडाच्या रेषा पाहूनच रंधा चालवावा लागतो, म्हणून खुर्ची झाडावर उगवली असं कोणी म्हणत नाही.

पुढचा भाग मला सर्वांत जास्त आवडतो. वेबर यांच्या फजितीनं या क्षेत्राचा स्वभावच बदलला. 'लहरी सापडल्या' असं म्हणणाऱ्याकडे लोक आता वेबर यांना आठवून पाहत. म्हणून लहरी शोधणाऱ्या लायगो प्रकल्पाची, चार किलोमीटर लांबीच्या दोन-दोन भुजांमधला बारीक फरक लेझर आणि आरशांनी मोजणारी यंत्रं अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन इथं उभी राहिली तेव्हा त्यांच्याभोवती एक मानवी यंत्रही उभं राहिलं, आणि त्याचं काम स्वतःवर संशय घेणं हे होतं. विश्लेषणाच्या मर्यादा आधी ठरवायच्या, गोठवायच्या, आणि मगच मुख्य नोंदी उघडायच्या, म्हणजे निकाल पाहून मर्यादा हलवायची सोयच राहू नये. त्याहून पुढे जाऊन, मोजक्या लोकांच्या एका गटाला परवानगी होती की त्यांनी कोणालाही न सांगता आरसे हलवून यंत्रात खोटी लहर पेरावी.

१६ सप्टेंबर २०१० रोजी असा एक संकेत आला. तो बृहल्लुब्धक, म्हणजे मोठ्या कुत्र्याच्या, तारकासमूहाच्या दिशेनं आल्यासारखा वाटला म्हणून त्याचं नाव पडलं 'मोठा कुत्रा'. शेकडो शास्त्रज्ञांनी सहा महिने त्यावर काम केलं. खरा की पेरलेला हे त्यांना माहीत नव्हतं. शोधनिबंध लिहून तयार ठेवला. मार्च २०११ मध्ये कॅलिफोर्नियात आर्केडिया इथं सगळे जमले, संकेत पेरला होता की नाही हे सांगणारं पाकीट उघडण्याचा कार्यक्रम झाला, आणि संकेत पेरलेला निघाला. सहा महिने वाया गेले असं वाटेल. पण त्या सहा महिन्यांत एक भांडण होऊन गेलं, ज्याच्याशिवाय पुढचं काम अडलं असतं.

भांडण असं होतं. योगायोगाचा अंदाज काढायला लायगोतही वेबर यांचीच युक्ती वापरतात, नोंदी सरकवून जुळण्या मोजायच्या. पण एका नोंदीत खरोखरीची मोठी उडी असेल तर सरकवल्यावर ती दुसऱ्या ठिकाणच्या कुठल्यातरी क्षुल्लक उडीशी जुळते आणि योगायोगाचा एक दमदार नमुना तयार होतो. या पिल्लांना ते 'छोटे कुत्रे' म्हणत. ही पिल्लं योगायोगाच्या हिशोबात धरायची की वगळायची? संकेत खरा असेल तर ती वगळायला हवीत, कारण ती गोंगाटातून आलेली नाहीत. पण संकेत खरा आहे का हेच तर तपासायचं आहे, मग तो खरा धरून ती कशी वगळणार? पुन्हा चकवा. धरली तर दावा दुबळा होतो, वगळली तर पुरावा फुगवल्याचा आरोप येतो. हा प्रश्न कुठल्याही आरशात किंवा लेझरमध्ये सुटत नाही. तो बैठकांत आणि ईमेलमध्ये सुटतो, वाद घालून.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी दोन्ही ठिकाणी ६.९ मिलिसेकंदांच्या फरकानं एक संकेत आला, सेकंदाच्या पाचव्या हिश्शाएवढाच लांब. चार किलोमीटरच्या भुजेत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या काहीशेव्या हिश्शाइतका. पहिली शंका स्वाभाविकच अशी की पुन्हा कोणी पेरलं का? जर्मनीत हॅनोव्हरला ज्यानं तो पहिल्यांदा पडद्यावर पाहिला त्यानं नियंत्रण कक्षात फोन करून विचारलं. पेरण्याची यंत्रणा चालू नसल्याचं कळलं. मग कोणी बाहेरून किंवा आतून खोडसाळपणे घुसवला असेल का, हेही रीतसर तपासण्यात आलं. यंत्रांना हात लावायचा नाही असं ठरलं, कारण योगायोगाचा अंदाज काढायला त्याच स्थितीतल्या पुरेशा नोंदी हव्या होत्या. दोन्ही यंत्रं एकाच वेळी चालू असलेल्या सोळा दिवसांच्या नोंदी जमल्या. त्या थोड्या थोड्या सरकवत लाखो वेळा जुळवल्या आणि आकडा आला, असा योगायोग २,०३,००० वर्षांत एकदाही होणं कठीण. सोळा दिवसांतून दोन लाख वर्षं काढणारी ही करामत मुळात त्या बदनाम कांबांच्या जोडीची आहे. आणि छोट्या कुत्र्यांचं काय? छापलेल्या आलेखात दोन्ही रेषा दिल्या, पिल्लं धरून एक आणि वगळून एक. वाचणाऱ्यानं दोन्ही पाहाव्यात.

निबंध लिहितानाही शब्दांवरून ओढाताण झाली. 'थेट' हा शब्द वापरायचा का, 'पुरावा' म्हणायचं की 'निरीक्षण'? वेबर यांच्या १९६९ च्या निबंधाच्या शीर्षकात 'शोधाचा पुरावा' असं होतं. २०१६ च्या शीर्षकात नुसतं 'निरीक्षण' आलं. बाहेरच्या परीक्षकांनी निबंध मान्य करेपर्यंत पत्रकार परिषद घ्यायची नाही हेही ठरलेलं होतं. यामागे दुसरी एक आठवण ताजी होती. २०१४ च्या मार्चमध्ये बायसेप नावाच्या दक्षिण ध्रुवावरच्या दुर्बिणीच्या गटानं विश्वाच्या आरंभीच्या गुरुत्वीय लहरींच्या खुणा सापडल्याचं आधी पत्रकार परिषदेत सांगितलं, आणि वर्षभरात त्या खुणा बऱ्याचशा आकाशगंगेतल्या धुळीच्या निघाल्या. लायगोची घोषणा ११ फेब्रुवारी २०१६ रोजी झाली, संकेत येऊन पाच महिने उलटल्यावर.

इथं एक आक्षेप उरतोच, आणि तो मला खरोखर जड वाटतो. लायगोच्या निबंधावर हजाराहून जास्त नावं आहेत. ज्यांना या विषयातलं कळतं ते बहुतेक सगळे त्या यादीतच आहेत. मग परीक्षा घेणारं बाहेरचं कोण उरलं? वेबर यांच्या काळी विरोधात निदान सहा परक्या प्रयोगशाळा होत्या. एकाच घरातल्या हजार लोकांचं एकमत हे हजार स्वतंत्र मतांइतकं वजनदार नसतं, हे पहिल्या पक्षानंही मान्य करायला हवं. एकमत आहे एवढ्यानं काही सिद्ध होत नाही. ते एकमत होताना 'नाही' म्हणायची मुभा कोणाला होती, त्याच्या हाती मूळ नोंदी होत्या का, हे पाहावं लागतं. लायगोनं संकेताभोवतीच्या नोंदी सर्वांसाठी खुल्या केल्या. २०१७ साली कोपनहेगनच्या नील्स बोर संस्थेतल्या काही संशोधकांनी त्याच नोंदी तपासून म्हटलं की दोन ठिकाणच्या गोंगाटातही साम्य दिसतं, मग संकेतावर भरवसा कसा ठेवायचा? लायगोच्या लोकांनी उत्तर दिलंच, पण लायगोत नसलेल्या इतर गटांनीही नोंदी उतरवून स्वतःचे हिशोब केले, आणि संकेत तिथंही टिकला. कोपनहेगनचे लोक चूक ठरले असं बहुतेकांचं मत आहे. पण त्यांनी प्रश्न विचारला नसता तर त्या इतर गटांनी हिशोब केले असते का?

१७ ऑगस्ट २०१७ रोजी तो जड आक्षेप बराच हलका झाला. त्या दिवशी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची लहर आली आणि १.७ सेकंदांनी फर्मी या अवकाशातल्या दुर्बिणीनं गॅमा किरणांचा झोत टिपला. फर्मीची उपकरणं वेगळी, माणसं वेगळी, त्यांच्या यंत्रात बिघाड व्हायची कारणंही वेगळी. काही तासांत त्या दिशेला वळलेल्या दुर्बिणींना एका आकाशगंगेत नवा ठिपका उजळलेला दिसला. ज्यांना लायगो बरोबर ठरो की चूक, काही फरक पडत नव्हता, अशा लोकांच्या यंत्रांनी साक्ष दिली.

वेबर २००० साली गेले, आपल्या लहरी खऱ्या होत्या असं अखेरपर्यंत म्हणत. २०१६ च्या निबंधाच्या सुरुवातीलाच एक वाक्य आहे की गुरुत्वीय लहरी शोधण्याचे प्रयोग १९६० च्या दशकात वेबर आणि त्यांच्या कांबांपासून सुरू झाले. लहरी त्यांनी शोधल्या असं ते वाक्य म्हणत नाही. त्यांची एक कांब हॅनफर्डच्या वेधशाळेत येणाऱ्यांना पाहण्यासाठी ठेवलेली आहे, कमरेभोवती स्फटिक चिकटवलेली.